पाऽला, पाल्ला आणि मधला आखूड आ

पुण्या-मुंबईच्या कॅफेत आपण ज्याला कॅपुचिनो म्हणतो, तो शब्द इटलीत ‘काप्पुच्चीऽनो’ असा ऐकू येतो. सावकाश फोड करून पाहू. ‘का’मधला आ तोंड नीट उघडून, पण चटकन. मग ओठ मिटतात आणि क्षणभर मिटलेलेच राहतात. ओठ उघडताच ‘पु’, की लगेच जीभ टाळूला चिकटून पुन्हा थांबते आणि मग सुटतो तो चहातला च. त्याच्यापुढचा ई मात्र ऐसपैस, कारण शब्दाचा जोर त्याच्यावर आहे आणि त्यानंतर न एकच आहे. शेवटचा ओ आखूड, तरीही पूर्ण ओ. आपल्या कॅपुचिनोत यातलं जवळजवळ काहीच उरत नाही: आ चा ॲ झाला, दोन्ही थांबे गेले आणि ईची लांबीही गेली.

इटालियन शिकायला बसणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात या दोन गोष्टी भेटतात, दुहेरी व्यंजनं आणि स्वच्छ स्वर. बहुतेक पुस्तकांत त्या वेगवेगळ्या धड्यांत असतात. मराठी माणसाने त्या एकत्रच शिकाव्यात असं माझं मत आहे, कारण आपली खरी अडचण दोहोंच्या सांध्यावर आहे.

दुहेरी व्यंजन, म्हणजे व्याकरणातलं द्वित्त, आपल्याला नवीन नाही. ‘आता येतो’ आणि ‘आत्ता ये!’ यातला फरक पोरासोरांनाही कळतो. तिथे आपण त वर रेंगाळतो ते जोर देण्यासाठी. पण कला आणि कल्ला, हला आणि हल्ला या जोड्यांत द्वित्ताने अर्थच बदलतो, आणि इटालियनमध्ये नेमकं हेच सर्रास घडतं. ‘नोऽनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पेऽना’ म्हणजे दुःख किंवा शिक्षा, ‘पेन्ना’ म्हणजे लिहायचं पेन. सर्वांत बदनाम जोडी वयाची आहे. इटालियन माणूस ‘मी तीस वर्षांचा आहे’ असं न म्हणता ‘माझ्याकडे तीस वर्षं आहेत’ अशा थाटात बोलतो: ‘ओ त्रेन्ता आन्नि’. इथला न एकेरी झाला, तर वर्षांच्या जागी गुदद्वारं येतात, तीही तीस. इटालियनच्या वर्गात या वाक्यावर हशा पिकतो तो यामुळेच.

द्वित्त तोंडात कसं घडतं? त, प, क, च यांच्यासारख्या व्यंजनांत हवा अडते. दुहेरी म्हणजे ती अधिक वेळ अडवून धरायची, साधारण दुप्पट. त्या वेळात काहीच ऐकू येत नाही, आणि ही शांतता हाच त्या व्यंजनाचा भाग. न, म, ल, स, फ यांच्यात आवाज चालूच राहतो, तोच लांबवायचा. र दुहेरी असेल तर जीभ जास्त वेळ थरथरते. ‘तुत्तो’ म्हणजे सगळं. इटालियन लेखनात ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायची वेळ आली तर ‘तुत्’ एका ओळीवर आणि ‘तो’ पुढच्या ओळीवर जातो. बोलतानाही तसंच. पहिल्या अवयवाच्या शेवटी जीभ दातामागे टेकते, दुसऱ्याच्या सुरुवातीला सुटते. टेकणं एकदाच आणि सुटणंही एकदाच. नवशिका मन लावून म्हणायला गेला की ‘तुत-तो’ होतं, पहिला त सुटा फुटतो आणि मध्ये पुसटसा अ शिरतो. शाळेतल्या इंग्रजीची सवय याच्या उलट फसवते. तिथे ‘हॅपी’ लिहिताना प दोनदा येतो, पण बोलताना एकच, त्यामुळे दोन अक्षरं दिसली तरी आपण एकच म्हणून मोकळे होतो. त्याच सवयीने त चा ट होतो आणि पास्ताचा पास्टा. इटालियन त आपल्या ताटातलाच त आहे.

आता सांध्याकडे. ‘पाऽला’ म्हणजे फावडं आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. (या लेखात ऽ दिसला की आधीचा स्वर लांबवायचा.) इटालियनमध्ये जोर असलेल्या अवयवापुढे एकच व्यंजन असेल तर स्वर लांबतो, दुहेरी असेल तर आखडतो. एकाची लांबी दुसऱ्याने भरून काढायची, असा हिशोब. म्हणून कान केवळ ल मोजत नाही, आधीचा आ सुद्धा मोजतो. आणि इथे मराठी जीभ अडते. आपल्याकडे आखूड स्वर म्हणजे अ आणि लांब म्हणजे आ. चेंडूसाठी आपण ‘पल्ला’ म्हणतो, तेव्हा लांबी बरोबर असते पण स्वर चुकलेला असतो. ‘पाऽल्ला’ म्हणतो, तेव्हा स्वर बरोबर आणि लांबी चुकलेली. हवा असतो आखूड आ: जबडा आ इतकाच उघडलेला, वेळ मात्र अ इतका. यासाठी देवनागरीत वेगळं अक्षर नाही, म्हणून तो कानानेच शिकावा लागतो.

हा हिशोब आपल्या भाषेनेही एकदा मांडला आहे. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं, आणि मराठीने त्यातला एक त सोडून स्वर लांबवला: सात. अष्ट, अट्ठ, आठ हा प्रवासही तसाच. लॅटिनमधल्या ‘सेप्तेम’ आणि ‘ओक्तो’चं इटालियनमध्ये ‘सेत्ते’ आणि ‘ओत्तो’ झालं, आणि इटालियन तिथेच थांबली. प्राकृताच्या मुक्कामावर, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या जोड्या मोठ्याने वाचा. डावीकडे स्वरावर रेंगाळा, उजवीकडे व्यंजनावर. दोन्ही शब्दांना लागणारा एकूण वेळ जवळपास सारखा वाटला पाहिजे. उजवीकडचा शब्द बराच लांब वाटत असेल, तर आधीचा स्वर आखडलेला नाही.

पाऽला (फावडं) – पाल्ला (चेंडू)
काऽसा (घर) – कास्सा (पेटी, दुकानातला पैसे भरण्याचा गल्लाही)
काऽरो (प्रिय, महाग) – कार्रो (गाडा)
सोऽनो (मी आहे) – सोन्नो (झोप)
सेऽते (तहान) – सेत्ते (सात)
कोऽपिया (प्रत) – कोप्पिया (जोडी)

पिझ्झासाठी आपल्याकडे आयता माल आहे. मूळ उच्चारात झ नाहीच. आहे तो चांगलातला, चमच्यातला च. पि, मग जीभ दातामागे रोखून धरा, आणि मग तो च सोडा: ‘पित्-चा’. पि आखूड. चहातला आणि चमच्यातला असे दोन च मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून नांदतात, त्यामुळे ही जागा आपल्याला फुकट मिळते.

स्वरांचं दुसरं पथ्य असं की जोर नसलेला स्वरही विरघळू द्यायचा नाही. ‘बानाऽना’त तीन आ आहेत आणि तिन्ही आ च राहतात. ‘काऽमेरा’ (म्हणजे खोली) म्हणताना शेवटचा आ अ कडे झुकता कामा नये. गायकाचा आकार मंद्रातही आकारच राहतो, तसं. हा हट्ट कशासाठी, ते बोक्याच्या शब्दात दिसतं. ‘गात्तो’ बोका, ‘गात्ता’ मांजरी, ‘गात्ति’ बोके, ‘गात्ते’ मांजऱ्या. लिंग आणि वचन दोन्ही त्या एका शेवटच्या, जोर नसलेल्या स्वरावर लटकलेली आहेत. तो पुसट झाला की ऐकणाऱ्याला बोका की मांजरी, एक की अनेक, काहीच कळत नाही. पण स्पष्ट म्हणजे लांब नव्हे. मराठीत शब्दाच्या शेवटचे इ-उ दीर्घ लिहायची आणि तसेच म्हणायची आपली रीत आहे. ‘गात्ति’चा इ मी ऱ्हस्व लिहिला तो मुद्दाम.

तिसरी खोड खास आपली. आपण ‘एक’चं ‘येक’ आणि ‘ओठ’चं ‘वोठ’ करतो, आणि दोन स्वर शेजारी आले की मध्ये य किंवा व घालतो. इटालियनमध्ये ‘ओत्तो’ वोत्तो होत नाही. ‘मीऽओ’ (माझा) मियो नाही, ‘तूऽओ’ (तुझा) तुवो नाही, ‘पाएऽसे’ (देश, गाव) पायेसे नाही. एका स्वरातून दुसऱ्यात घसरताना आवाज तोडायचा नाही आणि जीभ टाळूकडे किंवा ओठ गोल करून अडथळाही आणायचा नाही. आधी फक्त स्वर म्हणा, ई-ओ, ऊ-ओ, आ-ए, आणि मग व्यंजनं जोडा:

मीऽओ, तूऽओ, पाएऽसे
दोमेऽनिका (रविवार), तेलेऽफोनो, आमेऽरिका
गात्तो, गात्ता, गात्ति, गात्ते

मग वाक्यं. आधी अगदी सावकाश, मग बोलण्याच्या वेगाने. वेग वाढला की सर्वांत आधी द्वित्त गळतं, म्हणून वेग वाढवताना तेवढ्यावर लक्ष ठेवा.

ओ सेऽते. (मला तहान लागली आहे.)
ओ सेत्ते आन्नि. (मी सात वर्षांचा आहे.)
इल नोन्नो आ सोन्नो. (आजोबांना झोप आली आहे.)
ला नोन्ना आ सेत्ते गात्ति. (आजीकडे सात बोके आहेत.)
ला पेन्ना ए नेल्ला कास्सा. (पेन पेटीत आहे.)
ला पाल्ला रोस्सा ए आ काऽसा. (लाल चेंडू घरी आहे.)

आपलं आपल्याला बरोबरच वाटतं, कारण कोणता शब्द म्हणायचा आहे हे मनाला आधीच ठाऊक असतं. म्हणून जोड्यांमधले बारा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पिसा आणि त्या क्रमाने फोनवर रेकॉर्ड करा. मग इटालियनचा गंध नसलेल्या घरातल्या कुणाला ते ऐकवा आणि प्रत्येक शब्दाला ‘एक’ की ‘दोन’ एवढंच लिहायला सांगा. मराठी कानाला द्वित्त ओळखता येतं, त्यामुळे हा परीक्षक भरवशाचा असतो. एकेरी शब्दांना तो ‘दोन’ म्हणत असेल, तर तुमचा त्यातला स्वर पुरेसा लांब नाही. दुहेरीला ‘एक’ म्हणत असेल, तर बहुधा थांबा तोकडा आहे. आ चा अ झालाय का, हे मात्र तो सांगू शकणार नाही; त्यासाठी तुमचा ‘पाल्ला’ आणि मराठीतला ‘लांबचा पल्ला’ लागोपाठ रेकॉर्ड करून ऐका. दोन्ही सारखे वाटले तर जबडा उघडलेला नाही.

इटालियन लोकांकडून शिकताना एक सांभाळायला हवं. सगळेच द्वित्त सारख्या जोमाने म्हणत नाहीत. व्हेनिसच्या बाजूच्या, एकूणच उत्तरेकडच्या बोलींत ते एकेरी होत जातं, आणि तिथल्या माणसाच्या प्रमाण इटालियनमध्येही ते कधी कधी सैल पडतं. फ्लोरेन्स, रोम आणि दक्षिणेत उलटा प्रकार. तिथे ‘आ काऽसा’ म्हणजे ‘घरी’ हे बोलताना ‘आक्काऽसा’ होतं. लिहिताना क एक, बोलताना दोन. त्यामुळे वरचं शेवटचं वाक्य रोममधल्या माणसाकडून ऐकलंत आणि त्यात क दुहेरी आला, तर तो चुकलेला नाही. नवशिक्याने ते मुद्दाम करायची गरज नाही, लिहिलेलं द्वित्त आधी नीट जमलं पाहिजे.