शब्द समेवर येतात तेव्हा

रत्नागिरीच्या एका बागायतदाराला हापूसची छोटी जाहिरात करायची आहे, असं समजू. फोनच्या पडद्यावर अक्षरं संगीताच्या ठोक्यावर यावीत, निवेदक नको. त्यानं लिहून दिलेलं वाक्य असं: ‘आमच्या बागेतील आंबे काळजीपूर्वक उतरवून नैसर्गिक पद्धतीने पिकवले जातात.’ वाक्य बरोबर आहे, पण ते वाचेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं.

अक्षरं हलवण्याची हौस जुनी आहे. हिचकॉकच्या १९५९च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये सॉल बासची श्रेयनामावली सरकत येते. फोनवर मात्र एका ओळीला तीन ते पाच शब्द पुरतात, आणि त्याचं कारण गणितात आहे. मिनिटाला १०० ठोके असलेलं संगीत घेतलं, तर दर ०.६ सेकंदाला एक ठोका पडतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला १५ फ्रेम, आणि चार ठोक्यांच्या आवर्तनाला २.४ सेकंद. एवढ्या वेळात ओळ यायची, वाचून व्हायची आणि जायची.

म्हणून वाक्य फोडायचं: ‘झेल्यानं अलगद उतरवला.’ तीन शब्द तीन ठोक्यांवर येतात आणि चौथा ठोका डोळ्यांसाठी मोकळा राहतो. पाच शब्द असतील तर दोन लहान शब्द एकाच ठोक्यावर जोडीनं आणावेत. ‘काळजीपूर्वक’ कापला याचं बागायतदाराला वाईट वाटेल, पण ‘झेल्यानं’ म्हटल्यावर काळजी दिसतेच.

पुढची ओळ ‘कार्बाइड जवळही आलं नाही.’ ती पहिल्या ठोक्यापासून सुरू केली, तर ‘नाही’ चौथ्यावर पडतो आणि विरतो. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, त्यामुळे ख्यालाच्या मुखड्यासारखी ओळ आधीच उचलावी लागते. ‘कार्बाइड’ दुसऱ्या ठोक्यावर, ‘जवळही’ तिसऱ्यावर, ‘आलं’ चौथ्यावर, आणि ‘नाही’ थेट पुढच्या समेवर. मग उरलेलं आवर्तन काहीही हलवू नये.

इथे संपादकांची एक नेहमीची चूक होते. शब्द सरकत येऊन स्थिरावायला चार फ्रेम लागत असतील आणि त्याची हालचाल ठोक्यावर सुरू केली, तर तो पोहोचतो ठोक्यानंतर. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी मागे पडतंय हे जाणवतं. हालचाल चार फ्रेम आधी सुरू करून ठोक्यावर थांबवावी. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मुळातच उशिरा पोहोचू शकतो, तेव्हा ही तपासणी वायरच्या हेडफोनवर केलेली बरी.

एकेक अक्षर उडवत आणण्याचे तयार नमुने रोमन लिपीसाठी ठीक आहेत. देवनागरीत ते ‘झेल्यानं’मधलं जोडाक्षर तोडतात, वेलांटी एकटीच तरंगते. आपल्याकडे अख्खा शब्द हलवावा. ढोल-ताशाच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर तर वरचं गणितही चालत नाही, कारण वाजवणारे रंगात आले की लय चढते. तिथे कान लावून ऐकायचं आणि प्रत्येक ठोक्यावर हातानं खूण करायची.