वीजबिलातील न दिसणारा दंड
धाराशिव जिल्ह्यातील प्रक्रिया-केंद्रांसाठी मासिक वीजनोंदीची पद्धत

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात खरिपाच्या सोयाबीनची काढणी आटोपली, की कळंब, वाशी, तुळजापूर आणि उमरगा या भागांतील प्रतवारी-केंद्रे, डाळमिल व तेलघाणे रात्रंदिवस चालू लागतात. त्यांपैकी कित्येक आज शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मालकीची आहेत. अशा केंद्राच्या दप्तरात धान्याची आवक, उतारा, हमाली व बारदाना यांचा हिशेब चोख असतो. वीजबिलाचा मात्र एकच आकडा खतावणीत जातो, तो म्हणजे भरलेली एकूण रक्कम. त्या रकमेत मागील थकबाकी, मागील महिन्याची दुरुस्ती, वीजशुल्क आणि व्याज हे सर्व मिसळलेले असल्यामुळे, बिल वाढले म्हणजे नेमके काय वाढले, हे त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येत नाही.

बिल वाढले, की चिटणीस प्रथम दंडाचा रकाना पाहतो. तेथे पॉवर फॅक्टरचा दंड शून्य दिसला, की यंत्रसामग्री ठीक आहे असे मानून तो बिल फाइलला लावतो. हा समज एके काळी बरोबर होता. सरासरी पॉवर फॅक्टर 0.90 च्या खाली घसरला, तर बिलात स्वतंत्र ओळीने दंड लागत असे आणि तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरत असे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 30 मार्च 2020 च्या आदेशाने उच्चदाब ग्राहकांची आकारणी 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएच या एककावर होऊ लागली आणि ती दंडाची ओळ नाहीशी झाली. ओळ गेली, तरी भार गेलेला नाही. तो आता युनिटांच्या संख्येतच मिसळून येतो.

याचा अर्थ थोडा उलगडून सांगणे इष्ट होईल. मोटार फिरवण्याच्या प्रत्यक्ष कामी आलेली वीज केडब्ल्यूएच मध्ये मोजतात. परंतु मोटारीला आपल्या लोखंडात चुंबकत्व टिकवण्यासाठीही प्रवाह ओढावा लागतो. त्याने पीठ दळले जात नाही की तेल निघत नाही, पण तारांतून तो वाहतोच. हे दोन्ही मिळून होणारे माप म्हणजे केव्हीएएच. पहिल्या मापास दुसऱ्याने भागले असता येणारा अंक हा त्या महिन्याचा सरासरी पॉवर फॅक्टर होय. चुंबकत्वाचा हा प्रवाह मोटारीजवळच पुरवण्याचे काम कॅपॅसिटर करतो. तो बंद पडला, तरी यंत्रे पूर्ववत चालतात, दिवे मंद होत नाहीत आणि कोणतीही घंटा वाजत नाही. त्याची वर्दी केवळ महिन्याच्या बिलातून मिळते.

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पून पाहू. एका तेलघाण्याची उच्चदाब जोडणी असून महावितरणशी झालेल्या करारातील मागणी 170 केव्हीए आहे. दर दरवर्षी बदलत असल्याने येथे सोयीसाठी प्रतियुनिट 8 रुपये व मागणी आकार प्रति केव्हीए 600 रुपये धरला आहे. नोव्हेंबरमध्ये या घाण्याने 39,200 केडब्ल्यूएच वीज वापरली. कॅपॅसिटर व्यवस्थित असल्याने पॉवर फॅक्टर 0.98 राहिला आणि बिलात 40,000 केव्हीएएच आले. महिन्यातील कमाल भार 147 किलोवॅट होता. त्याची मागणी 150 केव्हीए नोंदली गेली.

डिसेंबरमध्ये मालाची आवक तेवढीच, कामाचे तास तेवढेच आणि केडब्ल्यूएचही 39,200 च. मात्र पॅनेलमधील कॅपॅसिटरांचे फ्यूज महिन्याच्या प्रारंभीच उडाले होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पॉवर फॅक्टर 0.80 वर आला. 39,200 ला 0.80 ने भागले, की 49,000 केव्हीएएच होतात. म्हणजे धान्याचा एक दाणाही अधिक न भरडता 9,000 युनिटे वाढली आणि त्यांचे 72,000 रुपये झाले. तोच 147 किलोवॅटचा भार आता जवळजवळ 184 केव्हीए मागणी दाखवतो. वाढलेल्या 34 केव्हीएचे मागणी आकारात 20,400 रुपये पडतात. शिवाय ही मागणी कराराच्या 170 ला 14 ने ओलांडून गेली. अशा जादा मागणीवर नेहमीच्या आकाराखेरीज त्या आकाराच्या दीडपट रक्कम आणखी लागते. 14 केव्हीएचे ते 12,600 रुपये होतात. एकूण भुर्दंड 1,05,000 रुपये, तोही शुल्क धरण्यापूर्वीचा.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दंड म्हणून बिलात दिसणारी रक्कम फक्त 12,600 रुपये आहे. तीच पाहणारा व्यवस्थापक करारातील मागणी वाढवून घेण्याचा अर्ज करील. त्याने ती ओळ नाहीशी होईल खरी, परंतु उरलेले 92,400 रुपये दरमहा जातच राहतील. दुखणे कराराचे नसून कॅपॅसिटरचे आहे, हे कळण्यासाठी दोन महिन्यांचे आकडे शेजारी-शेजारी असावे लागतात.

तक्ता कसा मांडावा

संगणकावरील साधा तक्ता यास पुरेसा आहे आणि संगणक नसेल तर रेघी वहीही चालते. प्रत्येक महिन्यास एक आडवी ओळ द्यावी. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात वाचनाच्या दोन तारखांमधील दिवस, तिसऱ्यात केडब्ल्यूएच, चौथ्यात केव्हीएएच. पाचव्यात करारातील मागणी, सहाव्यात मीटरने नोंदलेली कमाल मागणी आणि सातव्यात आकारणीस धरलेली मागणी. हे तीन आकडे निराळे आहेत व तिन्ही बिलावर छापलेले असतात. घाईत एकाच्या जागी दुसरा उतरवला जाण्याची चूक सर्वांत अधिक येथेच होते. नोंदलेली मागणी कमी असली, तरी करारातील मागणीचा आयोगाने ठरवून दिलेला किमान हिस्सा आकारणीत धरला जातो. म्हणून हंगाम सरल्यावर सातवा रकाना सहाव्यापेक्षा मोठा दिसला, तर ती छपाईची चूक समजू नये.

आठव्या रकान्यापासून रुपये सुरू करावेत: मागणी आकार, ऊर्जा आकार, जादा मागणीचा आकार, आणि विलंब आकार व व्याज. यांतील शेवटच्या दोहोंची सरमिसळ करू नये. जादा मागणी हा यंत्रघरातील दोष होय, तर विलंब आकार हा कचेरीतील. नेमून दिलेल्या तारखेनंतर बिल भरल्यास सव्वा टक्का विलंब आकार लागतो आणि त्यावर वायरमनकडे उपाय नसतो. थकबाकी व मागील दुरुस्त्या यांना शेवटी एक स्वतंत्र रकाना द्यावा. चालू महिन्याच्या आकड्यांत त्या मिसळू देऊ नयेत.

केडब्ल्यूएच स्तंभ C मध्ये, केव्हीएएच D मध्ये, करारातील मागणी E मध्ये व नोंदलेली मागणी F मध्ये असेल, तर पाचव्या ओळीसाठी पुढील दोन सूत्रे लिहावीत:

```
=C5/D5
=MAX(0,F5-E5)
```

पहिले सूत्र पॉवर फॅक्टर देते, दुसरे कराराबाहेर गेलेली मागणी. वरील उदाहरणात नोव्हेंबरच्या ओळीत 0.98 व 0, आणि डिसेंबरच्या ओळीत 0.80 व 14 हे आकडे येतील.

आकडे उतरवताना एक पडताळणी अवश्य करावी. मीटरच्या चालू वाचनातून मागील वाचन वजा करून त्यास बिलावरील गुणकाने गुणावे. येणारा अंक छापलेल्या युनिटांशी जुळला पाहिजे. मीटर बदलल्याच्या महिन्यात जुन्या व नव्या मीटरची युनिटे वेगवेगळी काढून मिळवावी लागतात. दोन महिन्यांची तुलनाही दिवसांनी भागूनच करावी, अन्यथा 33 दिवसांचे बिल 28 दिवसांच्या बिलापुढे उगाच अपराधी ठरते.

तक्ता वाचताना

केडब्ल्यूएच स्थिर असून केव्हीएएच व नोंदलेली मागणी दोन्ही चढली, तर कॅपॅसिटरकडे जावे. जाणत्या वायरमनने चिमटा-मीटर लावून प्रत्येक फेजचा प्रवाह पाहिला, की उडालेला फ्यूज, चिकटलेला संपर्कक किंवा फुगलेला डबा सापडतो. पुरवठा तोडल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून ती उतरवल्यावाचून त्यास हात लावू नये. उदाहरणातील घाण्यास 0.80 वरून 0.98 वर परतण्यासाठी सुमारे 80 केव्हीएआर क्षमतेचा संच लागतो.

याउलट केव्हीएएच व केडब्ल्यूएच यांचे प्रमाण चांगले असून केवळ मागणी उसळली असेल, तर दोष चालवण्याच्या रीतीत आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटार सुरू होतानाचा क्षणाचा झटका मागणी चढवतो, असे यंत्रघरात सर्रास म्हटले जाते. मीटर मात्र क्षण मोजत नाही. नेमून दिलेल्या काही मिनिटांच्या गटाची सरासरी मोजतो. वीज गेल्यानंतर ती परत येताच घाणा, उद्वाहक, प्रतवारी-यंत्र आणि पाण्याचा पंप ही सर्व एकदम चालू होऊन तशीच चालत राहिली, तर मागणी चढते. पंप व प्रतवारी मागाहून घेतली, तर ती चढत नाही. हे दुर्लक्षिण्याजोगे नाही, कारण एका वर्षात तीनपेक्षा अधिक वेळा करार ओलांडल्यास तो सुधारण्याची कारवाई होऊ शकते.

तिसरी खूण हंगाम संपल्यावर दिसते आणि ती बहुधा कोणी शोधतच नाही. घाणा बंद, फक्त कचेरी व गोदामाचे दिवे चालू, पण कॅपॅसिटर जोडलेलेच राहिले, तर ते उलट दिशेचा, म्हणजे लीड प्रकारचा, प्रवाह देऊ लागतात. आकारणीत लॅग व लीड दोन्ही धरले जातात. समजा, मे महिन्यात प्रत्यक्ष वापर 3,000 केडब्ल्यूएच झाला व लीडची नोंद 4,000 झाली. या दोहोंची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या रीतीने होते आणि बिलात 5,000 केव्हीएएच येतात. 2,000 युनिटांचे 16,000 रुपये बंद घाण्याने खाल्ले, असा त्याचा अर्थ. यासाठी लॅग व लीड यांचे दोन रकाने तक्त्यात वाढवून ठेवावेत. हंगामाअखेर मोठा संच उघडून ठेवावा. रोहित्राच्या गरजेपुरता लहान कॅपॅसिटर तेवढा राहू द्यावा. भारानुसार आपोआप जोडणारे व सोडवणारे पॅनेल असेल, तर हे काम तेच करते, परंतु ते करीत आहे की नाही, हे मे-जूनच्या लीडच्या रकान्यावरूनच ताडून पाहावे लागते.

लघुदाब जोडणीच्या केंद्रांनी मात्र हे सर्व जसेच्या तसे लागू करू नये. त्यांच्या मागणी-आकारणीचे नियम निराळे आहेत. आपली युनिटे कोणत्या एककात धरली आहेत, हे बिलावर पाहून मगच रकाने आखावेत. मागील बारा बिले बहुधा फाइलमध्ये असतातच. ती एकदा बसून उतरवण्यास अर्धा दिवस लागतो आणि पुढे दरमहा दहा मिनिटे.