आंब्याच्या डब्याचा उलटा प्रवास

बाजारात गेलेला खाद्यपदार्थ सदोष निघाल्यास तो कोणत्या कच्च्या मालापासून बनला आणि त्याच मालापासून बनलेले बाकीचे नग कुठे कुठे पोचले, हे नोंदींवरून सांगता येण्याच्या व्यवस्थेला अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात ट्रेसेबिलिटी, म्हणजे मालाचा माग, म्हणतात. आणि दोष नसतानाही तो आहे असे गृहीत धरून मालपरतीची जी रंगीत तालीम घेतली जाते, तिला मॉक रिकॉल असे नाव आहे. आयएसओ २२००० या मानकात परतीची व्यवस्था परिणामकारक आहे की नाही हे पडताळणे बंधनकारक आहे, तर ब्रिटनमधून प्रसृत झालेल्या बीआरसीजीएस मानकात वर्षातून किमान एकदा मागाची चाचणी घेऊन तो साधारणतः चार तासांत लावून दाखवावा लागतो. या चाचणीतला कळीचा भाग कोणता, हे कोकणातील आंब्याचा गर डबाबंद करणाऱ्या एखाद्या कल्पित कारखान्याच्या उदाहरणावरून नीट उमगते.

समजा, लेखापरीक्षकाने गोदामातून ३.१ किलोचा एक डबा उचलला, त्यावरचा बॅच क्रमांक टिपला आणि घड्याळ लावले. मागे जाताना पहिली नोंद डबे भरल्याची, दुसरी गर उकळल्याच्या तापमानाची आणि तिसरी फळ पिकवल्याची मिळते. पण त्याच्याही मागे गेले की वाट अरुंद होते. कॅनिंगचा आंबा बऱ्याचदा रस्त्याकडेच्या खरेदी केंद्रावर किलोच्या भावाने घेतला जातो आणि तिथे अनेक बागायतदारांची फळे एकाच गाडीत चढतात, त्यामुळे एका डब्यापासून एका बागेपर्यंत पोचणे अशक्य ठरते. यात नियमभंग नाही, मात्र अशा वेळी त्या गाडीत माल घातलेल्या सर्व बागायतदारांची यादी हाच मागाचा शेवट मानावा लागतो आणि कीटकनाशकाचा अंश सापडल्यास संशय त्या सर्वांवर जातो.

पुढच्या दिशेचे काम तुलनेने सोपे असते. त्या बॅचच्या २९२ खोक्यांपैकी, प्रत्येकी सहा डब्यांच्या हिशेबाने, २०० निर्यातदाराकडे, ६० आइस्क्रीम कारखान्याकडे गेली, २८ गोदामात आहेत आणि ३ नमुन्यासाठी राखलेली आहेत, असे चलनांवरून निघते. उरलेले एक खोके चेपलेल्या डब्यांच्या नोंदवहीत सापडले, तर हिशेब पुरा होतो. न सापडल्यास ते विकले गेले असे धरूनच पुढे जावे लागते.

खरी परीक्षा मात्र वजनाच्या ताळ्यात असते, ज्याला मास बॅलन्स म्हणतात. त्या दिवशी १०,००० किलो फळ आत आले आणि साल, कोय व सडका भाग वजा जाता कारखान्याचा नेहमीचा उतारा ५२ टक्के आहे, म्हणजे गर सुमारे ५,२०० किलो निघायला हवा. पण १,७५२ डब्यांत ५,४३१ किलो गर भरला गेला आहे. २३१ किलोंची ही वाढ उताऱ्यातल्या चढउताराने समजावून सांगण्याचा मोह पर्यवेक्षकाला होतो आणि घाईतला लेखापरीक्षक ते मान्यही करतो. तथापि शीतगृहाच्या वहीत पाहिले असता आदल्या दिवशी टाकीत उरलेला गर बाहेर काढून या बॅचमध्ये मिसळल्याचे दिसते. या फेरवापराची नोंद बॅचच्या कागदावर झालेलीच नव्हती. परिणामी आदल्या दिवसाचे फळ सदोष असते, तर कारखान्याने त्या दिवसाचेच डबे परत मागवले असते आणि ही २९२ खोकी निर्धास्तपणे बाजारात राहिली असती.

मिसळलेला थोडासा माल किती दूर जातो याचा दाखला २००५ साली ब्रिटनमध्ये मिळाला. सुदान-१ हा निषिद्ध रंग असलेली मिरची पूड एका वूस्टर सॉसमध्ये गेली आणि तो सॉस इतरांनी आपापल्या पदार्थांत वापरल्यामुळे चारशेहून अधिक उत्पादने परत मागवावी लागली.

उलट, वजनाचा ताळा किलोपर्यंत तंतोतंत जुळला, तर अनुभवी लेखापरीक्षक सुखावण्याऐवजी सावध होतो, कारण सांडलवंड आणि पाइपात चिकटून राहिलेला गर कोणत्याही कारखान्यात असतोच आणि शून्य फरक बहुधा आकडे मागाहून भरल्याचे लक्षण असते. तालमीच्या अहवालात वेळ आणि टक्केवारी लिहिली जाते, पण फरक कुठून आला याचा शोध लिहिलेला क्वचितच आढळतो. उदाहरणातल्या कारखान्याने बॅचच्या कागदावर फेरवापराचा गर, त्याचा मूळ बॅच क्रमांक आणि वजन यांसाठी स्वतंत्र रकाना घातला, तर पुढची चाचणी तयार डब्यापासून सुरू न करता शीतगृहातल्या शिल्लक गरापासून सुरू करावी, म्हणजे तो रकाना खरोखर भरला जातो की नाही, हे कळेल.