रिफंड मागितला 18,460, खात्यात आले 19,012! वरचे 552 कुठून आले?

इन्कम टॅक्सचा रिफंड मागितल्यापेक्षा जास्त आला, तर घाबरू नका आणि सगळी रक्कम 'रिफंड' म्हणून लिहूनही टाकू नका. वरचे पैसे म्हणजे व्याज आहे आणि त्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. तुमचं प्रिंटिंगचं काम आहे. 2023-24 मध्ये तुमचा टॅक्स बसला 22,000 रुपये, पण पार्ट्यांनी आणि बँकेने मिळून टीडीएस कापला 40,460. म्हणजे रिफंड 18,460. रिटर्न तुम्ही 20 जुलै 2024 ला, मुदतीत भरलं. रिफंड मंजूर झाला 12 सप्टेंबरला.

कलम 244ए प्रमाणे दर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. रिटर्न मुदतीत असेल तर टीडीएसच्या रिफंडवर मोजणी 1 एप्रिलपासून सुरू होते, रिटर्न भरल्या दिवसापासून नाही. महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर झाले सहा महिने. शंभराच्या खालची रक्कम सोडून देतात, म्हणून व्याज 18,400 वर. सहा महिन्यांचे 3 टक्के, म्हणजे 552 रुपये.

आता हेच रिटर्न उशिरा, 2 डिसेंबरला भरलं आणि रिफंड 28 डिसेंबरला मंजूर झाला असता तर? मग मोजणी रिटर्नच्या तारखेपासून. एकच महिना, म्हणजे 92 रुपये. शिवाय लेट फी द्यावी लागते ती वेगळीच.

कधी कधी व्याज अजिबात येत नाही. रिफंड तुमच्या ठरलेल्या टॅक्सच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर व्याज नाही. आपल्या उदाहरणात ही रेषा 2,200 रुपयांची. रिफंड 2,000 असता तर कितीही महिने गेले तरी व्याज शून्य. आणि तुमच्यामुळे काम रखडलं, तर तेवढा काळ मोजणीतून वगळला जातो.

आता हिशोबाचं बघू. 18,460 हे तुमचेच पैसे परत आले, ते उत्पन्न नाही. पण 552 हे उत्पन्न आहे आणि त्यावर टॅक्स लागतो. ते धंद्याच्या विक्रीत मिसळू नका. पुढच्या रिटर्नमध्ये, म्हणजे 2024-25 च्या, 'इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस'मध्ये दाखवा. कलम 143(1) ची जी इंटिमेशन ईमेलवर येते, त्यात व्याजाचा आकडा वेगळा दिलेला असतो. तोच एआयएसमध्येही दिसतो, म्हणजे खात्याला तो आधीच माहीत असतो. तुम्ही सोडलात, तर फरक लगेच दिसतो.

म्हणून रिफंड जमा झाला की त्याच दिवशी इंटिमेशन उघडा आणि वहीत दोन ओळी करा: एक रिफंडची, एक व्याजाची.