कव्हर लेटरचा मधला परिच्छेद : जबाबदाऱ्यांच्या यादीतून कामगिरीकडे

नोकरीच्या अर्जासोबत जोडल्या जाणाऱ्या पत्राचे, म्हणजेच कव्हर लेटरचे, साधारणपणे तीन भाग पडतात. कोणत्या पदासाठी अर्ज आहे हे पहिला परिच्छेद सांगतो, मुलाखतीची विनंती शेवटच्या परिच्छेदात असते. हे दोन्ही भाग बहुतेक पत्रांत सारखेच असतात. अर्जदार कोण आहे हे कळते ते मधल्या परिच्छेदातून. आणि नेमका तोच परिच्छेद अनेकदा सध्याच्या पदाच्या जबाबदाऱ्यांची नक्कल असतो.

उदाहरणादाखल कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतील, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्याच्या स्टोअरमध्ये चार वर्षे काम केलेली एक कर्मचारी डोळ्यांसमोर आणावी. पतीची बदली वडोदऱ्याला झाल्यामुळे तिला तेथील एका कारखान्यात स्टोअर प्रमुखाच्या पदासाठी अर्ज करायचा आहे. कोल्हापुरात तिचे काम पाहिलेली माणसे आहेत; वडोदऱ्यात तिला कोणी ओळखत नाही. तिच्या बाजूने बोलणारे तेथे फक्त हे पत्र आहे. पत्राच्या पहिल्या मसुद्यातील मधला परिच्छेद असा :

‘सध्याच्या कारखान्यात मी चार वर्षांपासून स्टोअर विभागात कार्यरत आहे. मालाची आवक-जावक नोंदवणे, साठ्याची मोजणी करणे, पुरवठादारांशी संपर्क ठेवणे आणि मासिक अहवाल तयार करणे या जबाबदाऱ्या माझ्याकडे आहेत. ही सर्व कामे माझ्याकडून प्रामाणिकपणे केली जातात.’

यातील एकही वाक्य खोटे नाही. अडचण अशी, की तिच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या आणि साठ्याचा गोंधळ मागे ठेवून गेलेल्या कर्मचाऱ्यालाही हाच परिच्छेद शब्दशः लिहिता आला असता. जबाबदारी आणि कामगिरी वेगळी ओळखण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. वाक्याखाली त्याच पदावरच्या दुसऱ्या कोणाचे नाव घातले तरी ते खरे राहत असेल, तर ते वाक्य पदाचे वर्णन करते, व्यक्तीचे नव्हे. इंग्रजी पत्रांतील ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणारी वाक्ये बहुधा याच कसोटीवर अडकतात. मराठी पत्रात हे काम ‘केली जातात’, ‘करण्यात आले’ अशा कर्मणी रचना करतात. काम होते, पण करणारा दिसत नाही. ‘मी’ लिहिण्याचा संकोच आपल्याकडे सभ्यतेतून येतो हे खरे, परंतु या एका परिच्छेदात तो अर्जदाराच्या विरोधात जातो.

पुनर्लेखनाची सुरुवात जाहिरातीपासून होते. वडोदऱ्याच्या जाहिरातीत दोन अपेक्षांवर भर आहे असे समजू : साठ्याच्या नोंदी अचूक असाव्यात आणि सुट्या भागांअभावी उत्पादन थांबू नये. अशा वेळी मसुद्यातील चार जबाबदाऱ्यांपैकी दोनच परिच्छेदात राहतात. मासिक अहवाल आणि पुरवठादारांशी संपर्क या बाबी रेझ्युमेत असतातच. त्या पत्रात पुन्हा सांगण्यात जागा दवडण्यात अर्थ नाही.

राहिलेल्या दोन कामांबाबत तिने शोधायचे ते एवढेच : आधी स्थिती काय होती, तिने स्वतः काय बदलले, त्यानंतर काय झाले आणि हे कशावरून मोजले. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लास्लो बॉक यांनी रेझ्युमेसाठी सुचवलेले सूत्रही याच घटकांचे आहे : काय साध्य केले, ते कोणत्या मापाने आणि काय करून. मात्र रेझ्युमेतील एका ओळीत निष्पत्ती आधी येते, तर पत्राच्या परिच्छेदात आधीची स्थिती, कृती आणि मग परिणाम हा क्रम अधिक सहज वाचला जातो, कारण पत्र वाचणारा माणूस सलग मजकूर वाचत असतो.

आकडे आठवणीतून काढायचे नसतात; ते बहुतेक वेळा कुठेतरी लिहिलेले असतात. आर्थिक वर्ष संपताना मार्चअखेरीस स्टोअरमधील मालाची प्रत्यक्ष मोजणी होते आणि तिचे तक्ते फाइलमध्ये राहतात. या कर्मचारीला मार्च २०२३ च्या तक्त्यात असे आढळते, की १,२०० वस्तूंपैकी ९६ वस्तूंचा साठा नोंदीशी जुळत नव्हता, म्हणजे शंभरात आठ. त्यानंतर जूनपासून तिने दोन गोष्टी सुरू केल्या होत्या. प्रत्येक रॅकला आणि खणाला क्रमांक देऊन तो बिन कार्डावर, म्हणजे वस्तूसोबत ठेवल्या जाणाऱ्या आवक-जावकीच्या कार्डावर, लिहिला. आणि वर्षअखेरीची वाट न पाहता रोज २० वस्तू मोजायला घेतल्या. या गतीने कामाच्या ६० दिवसांत सगळे स्टोअर एकदा मोजून होते आणि चूक झाल्यापासून ती सापडेपर्यंत वर्षाऐवजी फार तर काही आठवडे जातात. तोवर संबंधित चिठ्ठी सापडते, माल नेणाऱ्याला आठवतही असते. मार्च २०२५ च्या मोजणीत १,२५० वस्तूंपैकी २५ वस्तू जुळल्या नाहीत. म्हणजे शंभरात दोन.

हा बदल कागदावर कसा मांडावा, यात एक मोह आहे. आठ टक्क्यांवरून दोन टक्के म्हणजे तफावतीत ७५ टक्के घट. ही संख्या मोठी दिसते आणि चुकीचीही नाही. पण ती एकटी लिहिली तर वाचणारा विचारतो, ७५ टक्के कशाचे? चार चुकांची एक झाली तरी घट ७५ टक्केच असते. उलट ‘सहा टक्के सुधारणा’ असे लिहिणे मोघम आहे, कारण तो फरक सहा टक्के बिंदूंचा आहे. ‘१,२०० पैकी ९६’ आणि ‘१,२५० पैकी २५’ असे मूळ आकडे दिले की कामाचा आवाका आणि बदल दोन्ही एकाच वेळी कळतात, आणि टक्केवारीचे काम वाचणारा मनातल्या मनात करतो. दोन्ही वर्षांची मोजणी एकाच नियमाने झालेली असणे मात्र आवश्यक आहे. नट-बोल्ट पहिल्या वर्षी मोजून आणि दुसऱ्या वर्षी वजनावरून अंदाजाने धरले असतील, तर ती तुलना टिकत नाही.

दुसरी अपेक्षा अधिक अवघड आहे. सुट्या भागांअभावी पंपांची जुळणी किती वेळा थांबली, याची नोंद स्टोअरकडे नसते. ती उत्पादन विभागाच्या शिफ्ट लॉगबुकात असते, थांबण्याच्या कारणासह. त्या विभागाला विचारून मिळालेल्या नोंदीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या काळात असे ११ प्रसंग घडले होते, आणि २०२४ च्या याच तीन महिन्यांत चार. पंपांची मागणी हंगामानुसार बदलत असल्याने तुलना एकाच तिमाहीची हवी. गर्दीचे महिने मंदीच्या महिन्यांशी ताडून पाहिले, तर काही न करताही सुधारणा दिसू शकते.

मधल्या काळात तिने सील, बेअरिंग, इम्पेलर अशा ६० वस्तूंसाठी पुन्हा मागणी नोंदवण्याची पातळी ठरवली होती. एखादे सील दिवसाला ४० लागत असेल, पुरवठादार सहा दिवस घेत असेल आणि दोन दिवसांचा साठा हाताशी हवा असेल, तर शिल्लक ३२० वर येताच मागणी गेली पाहिजे, असा हा साधा हिशेब. परंतु त्याच वर्षी उत्पादन विभागानेही आठवड्याचे नियोजन आगाऊ द्यायला सुरुवात केली होती. मग ११ वरून चारवर येण्याचे श्रेय कोणाचे? प्रामाणिक उत्तर दोघांचे. परिच्छेदात तसे लिहिल्याने अर्जदार लहान होत नाही. स्टोअर प्रमुखाला इतर विभागांशी जुळवून घेऊन काम करावे लागते, हे नेमणूक करणाऱ्याला ठाऊक असते, आणि सगळा बदल एकट्याच्या नावावर मांडणारा दावा मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला ढासळतो.

इतके झाल्यावर परिच्छेद असा उभा राहतो :

‘सध्याच्या कारखान्यात सुमारे १,२०० वस्तूंच्या साठ्याचा हिशेब मी ठेवते. मार्च २०२३ च्या वार्षिक मोजणीत त्यांपैकी ९६ वस्तू नोंदींशी जुळत नव्हत्या. त्याच वर्षी जूनपासून मी रॅकना क्रमांक दिले आणि रोज २० वस्तू मोजण्याची पद्धत सुरू केली. मार्च २०२५ च्या मोजणीत १,२५० पैकी २५ वस्तूंमध्येच तफावत आढळली. जुळणीसाठी सतत लागणाऱ्या ६० वस्तूंची पुन्हा मागणी नोंदवण्याची पातळीही मी ठरवली. उत्पादन विभागाच्या साप्ताहिक नियोजनाच्या जोडीने ती अमलात आल्यावर, सुट्या भागांअभावी जुळणी थांबण्याचे प्रसंग ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत २०२३ मधील ११ वरून २०२४ मध्ये चारवर आले.’

पहिल्या मसुद्यातील ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द येथे उरलेला नाही. त्याची गरजही उरलेली नाही. मोजणीच्या दोन जोड्या एका परिच्छेदाला पुरतात. तिसरी आली की वाचणारा आकडे वगळून पुढे जाऊ लागतो.

जे लिहिले नाही तेही महत्त्वाचे आहे. साठ्याचे रुपयांतील मूल्य, पुरवठादारांची नावे आणि खरेदीचे दर ही सध्याच्या कारखान्याची खासगी माहिती असते. ती दुसऱ्या कारखान्याला पाठवणारा अर्जदार उद्या आपलीही माहिती बाहेर नेईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून वस्तूंची संख्या, तफावत, प्रसंग किंवा दिवस असे आकडे द्यावेत. तसेच मोजणीचे तक्ते पत्रासोबत जोडू नयेत. आकडे कुठून आले ते तोंडी सांगता आले म्हणजे पुरे.

लॉगबुकच मिळाले नाही तर? तर प्रसंगांचा आकडा लिहू नये. ‘आठवड्यातून दोन-तीनदा’ असा अंदाज स्वतःच्या निरीक्षणाचा असेल तर ‘सुमारे’ या शब्दासह चालतो, कारण मुलाखतीत तो अंदाज म्हणूनच सांगता येतो. तेवढीही खात्री नसेल, तर ६० वस्तूंची पातळी ठरवली हे कृतीचे वाक्य तसेच ठेवून परिणामाचा दावा सोडून द्यावा. त्यातही ६० ही संख्या आहेच, आणि ते काम तिच्या आधीच्या कर्मचाऱ्याने केलेले नव्हते.