बुधवारी रात्री आठ वाजता

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि काही महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. थेट बंदीचा हुकूम निघाला नव्हता. आधी गाण्यांचा वेळ कमी झाला, मग कोणती गाणी वाजवण्याजोगी आहेत याची छाननी सुरू झाली. पुढे गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, फक्त गायकाचं सांगायचं, असं ठरलं. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात, असा त्यामागचा तर्क होता. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. केसकरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नसावं. रिकाम्या झालेल्या वेळात शास्त्रीय संगीत आलं आणि शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मद्रासचा गायक लखनौने ऐकावा, लखनौची ठुमरी मद्रासने ऐकावी आणि त्यातून एक देश घडावा, अशी ती योजना होती.

देशाने रात्रीची सुई फिरवून कोलंबो लावलं.

हा किस्सा आपल्याकडे ‘रसिकांनी मंत्र्याला धडा शिकवला’ अशा थाटात सांगितला जातो. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. राष्ट्र नावाची गोष्ट माणसांच्या डोक्यात नेमकी कशी तयार होते, याबद्दलचा एक गाजलेला सिद्धान्त या घटनेवर घासून पाहता येतो.

तो सिद्धान्त बेनेडिक्ट अँडरसन यांचा. ते आग्नेय आशियाचे, विशेषतः इंडोनेशियाचे अभ्यासक. व्हिएतनाम, कंबोडिया आणि चीन ही तिन्ही क्रांती केलेली, समाजवादी म्हणवणारी राष्ट्रं १९७८-७९ मध्ये एकमेकांवर तुटून पडली, आणि मार्क्सवादी वळणाच्या अँडरसनना प्रश्न पडला की वर्गापेक्षा राष्ट्राचं बंधन इतकं घट्ट कशामुळे होतं. त्यातून १९८३ मध्ये ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं: सर्वांत लहान राष्ट्रातल्या माणसालाही आपले बहुतेक देशबांधव कधी भेटत नाहीत, दिसत नाहीत, त्यांची नावंही कळत नाहीत. तरी ते आहेत आणि ते ‘आपले’ आहेत, हे त्याच्या मनात पक्कं असतं. म्हणून राष्ट्र हा कल्पनेतला समाज. कल्पनेतला म्हणजे खोटा नव्हे. समोरासमोर ओळख असलेल्या छोट्या गावापलीकडचा कुठलाही समाज कल्पनेनेच उभा राहतो. अँडरसन यांना रस होता तो ही कल्पना करायची सवय लोकांना कुठून लागली, यात.

त्यांचं उत्तर होतं छापखाना, आणि त्यातही विक्रीसाठी चालणारा छापखाना. लॅटिन वाचणारं गिऱ्हाईक संपत आलं तेव्हा युरोपातल्या प्रकाशकांनी लोकभाषांत पुस्तकं काढली. शंभर बोलींसाठी शंभर आवृत्त्या काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून बोलींच्या वर एक छापील भाषा बसली. ती वाचणाऱ्यांना पहिल्यांदा जाणवलं की आपल्यासारखे लाखो आहेत, आणि या भाषेबाहेरचे आपल्यात नाहीत. नंतर वर्तमानपत्र आलं. आजचा अंक आज वाचायचा, उद्या त्याची रद्दी. त्यामुळे प्रत्येक वाचकाला ठाऊक असतं की मी हे वाचतोय त्याच सकाळी असंख्य अनोळखी माणसं हेच वाचताहेत. पानावर शेजारी शेजारी बसलेल्या बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. त्यांना जोडते फक्त वरची तारीख.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला पुण्याबाहेर जायला नको. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला, मंगळवारी निघाला. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, त्याच मंडळींचा इंग्रजी ‘मराठा’ निघाला होता. आता १९०५ घ्या. कर्झनने बंगालचे दोन तुकडे केले. पुण्यातल्या विद्यार्थ्याचा ढाक्याशी काय संबंध? तिथे त्याचा सोयरा नाही, ती भाषा त्याला येत नाही, बंगाल त्याने बहुधा नकाशातच पाहिलेला. तरी त्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. कलकत्त्याच्या सभा, बहिष्काराचे ठराव आणि सरकारची उत्तरं आठवड्यामागून आठवडा पुण्याच्या बातम्यांच्या शेजारच्या रकान्यात छापली गेली होती. फाळणी दूरची घटना असली तरी अंकात ती शेजारी होती.

पण इथे सिद्धान्ताला एक गाठ बसते. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात वाचता-लिहिता येणारे शंभरात जेमतेम पाच-सहा होते. म्हणजे एकान्तात बसून पेपर वाचणारा अँडरसन यांचा वाचक आपल्याकडे विरळाच. इथे एक वाचायचा आणि पाराभोवतीचे पाचपंचवीस ऐकायचे. मंडालेची शिक्षा झाली तेव्हा टिळकांसाठी सहा दिवस संप करणाऱ्या मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी कितीजण स्वतः ‘केसरी’ वाचू शकत असतील? छापील शब्द आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात कानांनी पसरला.

दुसरी गाठ भाषेची. ‘केसरी’ जिथे थांबतो तिथे मराठी थांबते. बंगालच्या बातम्या मराठी वाचकापर्यंत यायच्या त्या तारायंत्र, इंग्रजी वृत्तपत्रं आणि दोन्ही भाषा जाणणारे संपादक यांच्या हातून. एकाच मंडळींनी दोन भाषांत दोन पत्रं काढणं हा म्हणूनच नुसता हौसेचा मामला नव्हता. मराठीने एक ‘आपण’ तयार होत होता आणि इंग्रजीने दुसरा, अधिक पसरट पण पातळ. त्यातला पहिला किती दाट होता ते पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दिसलं. अत्र्यांनी १९५६ मध्ये काढलेला दैनिक ‘मराठा’ हे तिचं रोजचं हत्यार होतं. निरक्षर असोत की परभाषी, सगळ्या देशाला एकाच क्षणी गाठेल असं साधन छपाईत नव्हतं.

ते रेडिओत होतं. गंमत अशी की अँडरसन यांनी रेडिओला पुस्तकात फार थोडी जागा दिली. छापील पान जिथे पोचत नाही तिथे रेडिओ राष्ट्राचं ध्वनिरूप उभं करतो आणि त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही, एवढं त्यांनी तळटीपेत नोंदवलं. आपल्या बाजूने पाहिलं तर ही तळटीप मुख्य मजकुरात असायला हवी होती.

रेडिओ सिलोनची यंत्रणा दुसऱ्या महायुद्धातली. दोस्त सैन्यासाठी कोलंबोजवळ उभारलेलं जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोनच्या हाती आलं. मीडियम वेव्हची लहर जमिनीलगत जाऊन काही अंतरावर विरते. शॉर्टवेव्हची लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरते. त्यामुळे कोलंबोचा आवाज नागपुरात, पाटण्यात, लाहोरात सारखाच पोचायचा, आणि सारखाच दगाही द्यायचा. आवाज दूर जायचा, परत यायचा, मध्येच खरखर. घराघरांत छतालगत जाळीची एरियल ताणलेली असायची आणि सुई केसाएवढी सरकवायचं काम घरातल्या एखाद्याच माणसाकडे असायचं.

३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टची जाहिरात, निवेदक अमीन सयानी, वेळ बुधवारी रात्री आठची. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज परत भारतात यायचा. भारताच्या राजधानीतून न मिळणारा भारत सिलोनमार्गे मिळत होता.

अँडरसन यांच्या चौकटीत गीतमाला जवळजवळ पाठ्यपुस्तकातल्यासारखी बसते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि एकदा ऐकायचं राहिलं की राहिलं. शिवाय पेपरात नसलेली एक गोष्ट तिच्यात होती: ऐकणाऱ्यांना आपली संख्या ऐकू यायची. गाणी ‘पायदान’वर चढायची-उतरायची ती रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची मतं यांवरून. आपल्या आवडीचं गाणं खाली घसरलं म्हणजे कुठेतरी हजारो अनोळखी माणसांनी दुसरं काही निवडलं, हे कळायचं. इराणी हॉटेलात आणि पानपट्टीपाशी त्यावरून हुज्जत चालायची.

फर्माइशींनी तर ही अनोळखी माणसं नावागावासकट आणून उभी केली. झुमरी तिलैया हे तेव्हाच्या बिहारातलं, आजच्या झारखंडातलं अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथल्या हौशी मंडळींनी फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवण्याचा असा धडाका लावला की रेडिओ सिलोनवर आणि नंतर विविध भारतीवर रोज ते नाव वाजायचं. सांगलीतल्या माणसाला कोडरमा माहीत नव्हतं, पण झुमरी तिलैया पाठ होतं. अनेकांना ते गाव खरं आहे याचीच खात्री नव्हती. कल्पनेतल्या समाजाचं इतकं शब्दशः उदाहरण अँडरसननाही सापडलं नसतं.

केसकरांचं चुकलं कुठे? राष्ट्र आशयातून घडतं, असं त्यांनी धरलं होतं: योग्य संगीत ऐकवलं की योग्य नागरिक होतील. त्यातही ‘योग्य’ कोणतं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मुसलमान दरबारांत आणि घराण्यांच्या बंदिस्तपणात हिंदुस्थानी संगीत घसरलं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. म्हणजे एक व्हायला सांगितलेल्या देशातून संगीताचे कित्येक वारसदार आधीच वजा केलेले होते. तिकडे गीतमालेचा आशय म्हणजे उर्दू-हिंदीची सरमिसळ, पंजाबी ठेका, गोव्याच्या वादकांचे व्हायोलिन-ट्रम्पेट, गायिका मराठी. हे देशासाठी ऐका, असं कुणी सांगितलं नव्हतं. एकाच वेळी सगळे ऐकत होते, एवढंच. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीतं सरकारी घरात परत आली.

मात्र एकाच वेळी ऐकण्यातून राष्ट्र घडतं, एवढ्यावर थांबलं तर पंचाईत होते, कारण तीच बुधवारची गीतमाला लाहोर आणि कराचीतही ऐकली जात होती. तिथेही सुई तशीच सरकायची, तिथूनही पत्रं यायची. तरी नागपूर आणि लाहोर मिळून एक राष्ट्र झालं नाही. अँडरसन यांना ही उणीव जाणवली असावी. १९९१ च्या आवृत्तीत त्यांनी जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय यांवर नवं प्रकरण घातलं. सरकार माणसं मोजतं, रकान्यांत बसवतं, हद्दी आखतं, आणि कल्पनेला कुंपण मिळतं. पार्थ चटर्जींचा आक्षेप आणखी मुळाशी जातो: राष्ट्राचे साचे युरोप-अमेरिकेत आधीच तयार झाले असतील तर आम्ही कल्पना करायची तरी कशाची? वसाहतीतल्या लोकांनी राजकारणात उतरण्याआधीच भाषा, घर, धर्म, कला या आतल्या प्रांतात आपलं राष्ट्र उभारायला घेतलं होतं, असं ते दाखवतात. केसकर त्याच आतल्या प्रांताचे वारसदार होते, आणि तो प्रांत नेमका कुणाचा, हा वाद गाण्यांच्या निमित्ताने रेडिओवर आला होता.

लाहोरचा आणि नागपूरचा श्रोता आठ वाजता एकच गाणं ऐकायचे. बातम्यांसाठी मात्र एक रेडिओ पाकिस्तानकडे वळायचा, दुसरा आकाशवाणीकडे. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने भारतीय चित्रपट बंद केले. सिलोनची लहर बंद करणं कुणाच्याच हातात नव्हतं, आणि गाणी सरहद्दीपलीकडे जातच राहिली.