पाटीवर नाव एक, कोटेशनवर दुसरंच

नाशिकला आमच्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी घराचं फर्निचर करायला द्यायचं ठरवलं. काम ३ लाख ६० हजारांचं, त्यातले १ लाख ४४ हजार ॲडव्हान्स. दुकानाच्या पाटीवर देवीचं नाव आणि पुढे 'अँड कंपनी'. व्हिजिटिंग कार्डावर तेच देवीचं नाव, पण पुढे 'प्रायव्हेट लिमिटेड'. सरांनी मुलाकडून केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या साइटवर, म्हणजे mca.gov.in वर, नाव शोधून घेतलं. कंपनी सापडली, चालू स्थितीत दिसली आणि सर निर्धास्त झाले. चेक कोणाच्या नावे काढायचा एवढंच विचारायला त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, "सर, आधी कोटेशनचा फोटो पाठवा."

कोटेशनच्या वरच्या कोपऱ्यात जीएसटी नंबर होता. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर पॅनधारक कोण आहे ते सांगतं: P म्हणजे माणूस, F म्हणजे भागीदारी, C म्हणजे कंपनी. म्हणून जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. समजण्यापुरता एक नमुना देतो, यातलं फक्त F महत्त्वाचं:

```
27XXXFX0000X1Z0
```

सरांच्या कोटेशनवर त्या जागी P होता. म्हणजे कोटेशन देणारी कंपनी नव्हतीच, एक माणूस होता. मग gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाकला. तिथे Trade Name म्हणजे दुकानाचं नाव, Legal Name of Business म्हणजे कायद्याच्या लेखी असलेलं नाव आणि Constitution of Business म्हणजे व्यवसायाचा प्रकार दिसतो. दुकानाचं नाव 'अँड कंपनी', कायदेशीर नाव एका ज्येष्ठ गृहस्थांचं आणि प्रकार Proprietorship. मुलाने पाहिलेली कंपनी त्या गृहस्थांच्या चिरंजिवांची होती आणि सरांच्या व्यवहाराशी तिचा कागदोपत्री काही संबंध नव्हता.

आपल्याकडे हे घरोघरी आहे. वडिलांचं एकल मालकीचं दुकान, काका-पुतण्यांची भागीदारी, मुलाची कंपनी, सगळ्यांना कुलदैवताचं एकच नाव आणि सगळ्यांचा पत्ता एकच. यात लबाडी असतेच असं नाही. पण उद्या काम अर्धवट राहिलं, तर पैसे कोणाकडून मागायचे याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं येतं.

एकल मालकीत दुकान आणि मालक वेगळे नसतात. दुकानाचं देणं म्हणजे त्या माणसाचं देणं, ते त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतूनही वसूल होऊ शकतं. या प्रकाराची कंपन्यांसारखी स्वतंत्र नोंदवही मात्र कुठेच नसते. जीएसटी, शॉप ॲक्ट, उद्यम या कागदांवरून मालक कोण ते कळतं, त्याची ऐपत कळत नाही. 'अँड कंपनी', 'इंडस्ट्रीज', 'एंटरप्रायझेस' असे शब्द कोणीही नावापुढे लावू शकतो. 'लिमिटेड' मात्र कंपनी नसताना लावणं गुन्हा आहे, त्याला रोज ५०० ते २,००० रुपये दंड आहे.

सहावं अक्षर F असेल तर काम संपत नाही, कारण साधी भागीदारी पेढी आणि एलएलपी या दोघींच्या पॅनवर F च असतो. फरक मात्र मोठा आहे. १९३२च्या कायद्याखालच्या पेढीत प्रत्येक भागीदार पेढीच्या संपूर्ण देण्याला वैयक्तिकरीत्या बांधील असतो. तिघे भागीदार असले तरी तुम्ही एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकता. २००८च्या कायद्याने आलेल्या एलएलपीत देणं संस्थेचं असतं, भागीदाराच्या घरापर्यंत ते सहसा जात नाही. ओळखायचं कसं? एलएलपीच्या नावाच्या शेवटी ती तीन अक्षरं असावीच लागतात आणि बिलावर नोंदणी क्रमांक व मर्यादित जबाबदारीचा उल्लेख असावा लागतो. ती कंपन्यांच्याच साइटवर सापडते. पेढी तिथे कधीच सापडणार नाही. तिची नोंद राज्याच्या भागीदारी निबंधकाकडे असते, शुल्क भरून उतारा मिळतो आणि त्यात भागीदारांची नावं असतात.

पण पेढीची नोंदणी सक्तीची नाही. नोंद नसलेली पेढी दुसऱ्यावर आपल्या येण्यासाठी दावा लावू शकत नाही, तिच्यावर मात्र तुम्ही लावू शकता. त्यामुळे निबंधकाकडे नाव नाही म्हणून पेढी बोगस, असं समजू नये. अशा वेळी भागीदारी करारपत्राची प्रत मागावी. आणि दुकानात बसलेल्या थोरल्या भावाला 'हेच मालक' समजण्याआधी त्यांचं नाव त्यात आहे का ते पाहावं.

आता कंपनी. इथे माहिती भरपूर मिळते आणि गैरसमजही इथेच जास्त होतो. बिलावर किंवा लेटरहेडवर कंपनीचा २१ अक्षरांचा सीआयएन छापणं सक्तीचं आहे. त्यात राज्य आणि स्थापनेचं वर्ष वाचता येतं. कार्डावर '१९८५पासून सेवेत' आणि सीआयएनमध्ये २०२१ असेल, तर जुना लौकिक बहुधा वडिलांच्या दुकानाचा आहे. कंपनी नवी काढली असेल, तर दुकानाची जुनी देणी आपोआप तिच्यावर येत नाहीत. साइटवर दोन भांडवलं दिसतात. अधिकृत भांडवल ही केवळ मर्यादा, भरणा झालेलं भांडवल हे भागधारकांनी खरोखर घातलेले पैसे. हा आकडा एक लाखच असू शकतो. कंपनी बुडाली तर भागधारकांनी शेअर्सचे पूर्ण पैसे भरलेले असले की त्यांच्याकडून आणखी काही मागता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द वाचून धीर वाटू देऊ नये. ग्राहकासाठी त्यांचा खरा उपयोग इतकाच की हिशेब उघडे असतात: शेवटचा ताळेबंद कधी दाखल केला, मालमत्तेवर बँकेचा बोजा आहे का, संचालक कोण. ताळेबंद दाखल करून तीन वर्षं उलटली असतील तर मी ॲडव्हान्स देणार नाही.

जीएसटी नंबरच नसेल तर? छोट्या सुताराला किंवा रंगाऱ्याला तो लागत नाही, ढोबळमानाने सेवेला वर्षाला २० लाखांच्या आणि मालाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत. मग बँक खात्याचं नाव बघावं. खातं माणसाच्या नावे असेल तर एकल मालकाच्या बाबतीत त्यात वावगं नाही. कंपनीच्या कोटेशनवर मात्र संचालकाच्या बचत खात्यात पैसे मागितले, तर तिथेच थांबावं.

सरांनी त्या ज्येष्ठ गृहस्थांना सरळ विचारलं, काम तुम्ही करणार की मुलाची कंपनी? त्यांनीही सरळ सांगितलं की काम माझंच, कंपनी दुसऱ्या कामांसाठी आहे. कोटेशनवर त्यांनी स्वतःचं नाव आणि 'प्रोप्रायटर' असं लिहून सही केली, चेक त्यांच्या दुकानाच्या चालू खात्यावर निघाला. तुम्हीही चेक काढण्याआधी कोटेशन, जीएसटी नंबर आणि खातं या तीन ठिकाणची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा.